ग्रुपमध्ये कामाचं बोला, पण दुकान मांडू नका : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं हिंगणा एमआयडीसीत छोटं पॅनेलचं वर्कशॉप आहे. एपीएफसी पॅनेल बनवतो, म्हणजे लोडप्रमाणे कॅपॅसिटर आपोआप चालू-बंद करून पॉवर फॅक्टर सांभाळणारं पॅनेल, कॅपॅसिटर बदलून देतो, फॅक्टरीतलं इलेक्ट्रिकलचं बाकी किरकोळ कामही करतो. कारखानदारांच्या आणि इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरांच्या चार-पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये बरीच वर्षं आहे, आणि तिथे नवीन आलेली पोरं मला पर्सनलवर तेच तेच विचारत राहतात, की भाऊ ग्रुपमध्ये लिहायचं कसं, लोक चिडतात काहून, तुम्हाला कामं येतात ती कशी. म्हणून एकदाच लिहून ठेवलं. उदाहरणं माझ्या धंद्यातली आहेत, दुसरं मला काही येत नाही.

कोणी ग्रुपमध्ये विचारलं की "या महिन्यात लाईट बिल खूप आलं", तर पहिलं काय लिहायचं?

पहिले उत्तर लिहायचंच नाही, पहिले विचारायचं. आणि विचारायचं ते असं, की समोरच्याला बिल हातात घेऊन दोन मिनिटांत सांगता येईल.

एक खरा किस्सा सांगतो, आकडे थोडे गोल केलेत. प्लास्टिक मोल्डिंगवाले एक दादा, एचटी म्हणजे हाय टेन्शनचं कनेक्शन. रात्री साडेनऊला ग्रुपमध्ये टाकलं की बिल पन्नास हजारानं वाढलं, प्रॉडक्शन तेवढंच आहे, मीटर खराब वाटतंय. दहा मिनिटांत सात उत्तरं आली. त्यातली चार होती "पॉवर फॅक्टर गेला तुमचा, कॅपॅसिटर वाढवा", दोन जणांनी आपल्या कंपनीच्या पॅनेलचं पीडीएफ टाकलं आणि एकानं लिहिलं "कॉल मी". बिलात काय लिहिलंय हे एकानंही विचारलं नाही राजेहो.

मी चार आकडे मागितले, या महिन्याचे आणि मागच्या महिन्याचे : केडब्ल्यूएच, केव्हीएएच, आरकेव्हीएएच लॅग आणि आरकेव्हीएएच लीड. हे चारही बिलावर असतात. सोबत एवढंच विचारलं की फॅक्टरी रात्री चालते का बंद असते.

आकडे आले. केडब्ल्यूएच दोन्ही महिन्यांत ४२,००० च्या आसपास, म्हणजे प्रॉडक्शन तेवढंच हे दादा बरोबर सांगत होते. लॅग दोन्ही वेळेस साधारण ८,०००. पण लीड मागच्या महिन्यात ५०० होतं ते या महिन्यात १६,०००. आणि फॅक्टरी रात्री दहा ते सकाळी आठ बंद, रविवारी पूर्ण बंद.

आता ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. केडब्ल्यूएच म्हणजे खरी कामाला लागलेली वीज, लॅग मोटरसारख्या लोडमुळे येते, लीड जास्तीच्या कॅपॅसिटरमुळे, आणि केव्हीएएच म्हणजे हे सगळं मिळून. महावितरणनं एचटी ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिलिंग सुरू केलं. त्यात केव्हीएएच काढताना लॅग आणि लीडची बेरीज धरतात, एकातून दुसरं वजा नाही करत. मग केडब्ल्यूएचचा वर्ग आणि त्या बेरजेचा वर्ग मिळवून वर्गमूळ काढतात. मागच्या महिन्यात बेरीज ८,५०० होती, केव्हीएएच आलं ४२,८५० च्या आसपास. या महिन्यात बेरीज २४,०००, केव्हीएएच ४८,३७० च्या आसपास. फरक साडेपाच हजार युनिट. हिशोबापुरता ९ रुपये रेट धरा, झाले पन्नास हजार. म्हणजे मीटर ठीक होतं. आणि त्या चौघांचं ऐकून दादांनी तसेच आणखी कॅपॅसिटर टाकले असते तर बिल वाढायची भीती होती, कारण त्रास कमी कॅपॅसिटरचा नव्हताच, काम नसताना कॅपॅसिटर चालू राहायचा त्रास होता.

मग पुढचं लिहिलं : तुमच्या पॅनेलमधल्या एका स्टेपचा कॉन्टॅक्टर चिकटला असेल. रिले सांगते ऑफ, पण कॉन्टॅक्ट वेल्ड झाल्यामुळे कॅपॅसिटर रात्रभर लाईनवर. ५० केव्हीएआरची स्टेप असेल आणि रात्रीच्या किरकोळ लोडचे पाच वजा केले तर तासाला ४५. रात्रीचे दहा तास गुणिले सव्वीस दिवस, वरून चार रविवारचे चोवीस-चोवीस तास, मिळून ३५६ तास. गुणाकार करा, १६,००० येतो. तपासायचं कसं तेही लिहिलं : फॅक्टरी बंद झाल्यावर लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला टाँग टेस्टर घेऊन पॅनेलपाशी उभं करा, रिलेवर जी स्टेप ऑफ दाखवते तिच्या केबलवर टाँग लावा. शून्य यायला पाहिजे. ७० अँपिअरच्या आसपास दाखवलं तर तोच चिकटलेला. स्वतः झाकण उघडून हात घालू नका, कॅपॅसिटर बंद केल्यावरही काही वेळ चार्ज धरून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दादांचा फोटो ग्रुपमध्ये, टाँगवर ६८. कॉन्टॅक्टर बदलायचा खर्च काही हजारांत, आणि बदलला त्यांच्याच इलेक्ट्रिशियननं. मी त्यात एक रुपया कमावला नाही.

मग सगळं फुकटात सांगून टाकलं तर धंदा कसा होणार? अर्धं सांगून बाकी पर्सनलवर बोलवलं तर?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि मला समजतो तो, दुकानाचं भाडं मलाही भरावं लागते.

पण अर्धं सांगणं म्हणजे काय होते ते बघा. "हा पॉवर फॅक्टरचा इश्यू आहे, डीएम करा, सोल्युशन देतो." यात दादांना काहीच मिळालं नाही, आणि ग्रुपमधल्या बाकी चारशे लोकांनाही नाही. ज्यांना सहा महिन्यांनी हाच प्रॉब्लेम येणार ते ग्रुपमध्ये "लीड" सर्च करतील तर त्यांना तुमचं "डीएम करा" सापडेल. वरून अजून एक गोष्ट, खाजगीत सांगितलेलं उत्तर कोणी तपासत नाही. ग्रुपमध्ये सांगितलं तर माझ्याहून सीनियर मंडळी बसलेली आहेत, मी चुकलो तर ते तिथेच टोकतात आणि विचारणाऱ्याचं नुकसान वाचतं.

आणि हिशोब सांगतो म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की हा साधूबाबा होऊन राहिला. त्या दादांनी मला काम दिलं नाही. पण तो थ्रेड वाचून बुटीबोरीच्या एका माणसाचा फोन आला, त्याला नवीन पॅनेलच लागत होतं आणि त्यानं आधीच ठरवलेलं होतं की ज्यानं पॅनेल न विकता उत्तर दिलं त्याच्याकडूनच घ्यायचं. असं दर वेळेस होते असं नाही. दहा उत्तरांतून एखादा फोन, कधी तोही नाही. ज्याला या महिन्यात ऑर्डर पाहिजे त्यानं सरळ गाडी काढून फॅक्टऱ्यांच्या गेटवर जावं, ग्रुप त्या कामाचा नाही.

खाजगीत कधी जायचंच नाही का?

जायचं ना. बिलाचा पूर्ण फोटो, कंपनीचं नाव, ग्राहक क्रमांक, कोणत्या कॉन्ट्रॅक्टरनं काय घोळ केला, हे ग्रुपमध्ये मागूच नका, खाजगीत घ्या किंवा नुसते आकडे टाइप करायला सांगा. किमतीची घासाघीसही खाजगीत. पण तिथे जे निष्पन्न झालं ते दोन ओळींत परत ग्रुपमध्ये टाकायचं, समोरच्याला विचारून. आणि पहिला मेसेज तुम्ही करायचा नाही. त्यानं बोलावलं तर जायचं.

माझा याच गोष्टीचा धंदा आहे हे सांगू की लपवू?

सांगा, पण एकदा, आणि जिथे त्याचा संबंध येतो तिथेच. मी असं लिहितो : "मी स्वतः पॅनेल बनवतो, तर हे लक्षात ठेवून वाचा, पण माझ्या मते तुम्हाला नवीन पॅनेल लागत नाही." बस. जिथे माझ्या सल्ल्यानं माझा फायदा होऊ शकतो तिथे हे वाक्य उत्तराच्या वर येते, खाली नाही. खाली लिहिलं की ते सहीसारखं दिसते.

लपवलं तर नागपूर लहान गाव आहे भाऊ. धरमपेठेत शिंकलं तर हिंगण्यात ऐकू येते. एकानं दुसऱ्या नंबरवरून स्वतःच्याच कंपनीची तारीफ केली होती, "मी यांच्याकडून पॅनेल घेतलं, एक नंबर". कोणीतरी तो नंबर ट्रूकॉलरवर टाकला, नाव त्याच्या भाच्याचं निघालं. आता तो काही खरं सांगायला गेला तरी लोक खाली हसायच्या इमोजी टाकतात.

कोणी थेटच विचारलं, "नागपुरात चांगलं एपीएफसी पॅनेल कोण बनवते?" तर?

तर सांगा ना आपलं नाव, यात लाजायचं काय. विचारलंय म्हणून सांगणं ही जाहिरात नाही. फक्त सोबत अजून एक-दोन जणांची नावं द्या, जे खरंच चांगलं काम करतात, आणि आपण कोणत्या कामात कच्चे आहोत तेही सांगा. मी लिहितो की मोठ्या साइजचं किंवा ज्यांच्याकडे फर्नेस आहे त्यांचं काम मी घेत नाही, त्यासाठी अमक्याकडे जा. तो अमका माझा कॉम्पिटिटर आहे. तो पण छोटी कामं माझ्याकडे पाठवतो, हे आमच्यात कधी ठरलं नव्हतं, होत गेलं.

आपण मदतीकडून जाहिरातीकडे सरकतोय हे कळते कसं?

हे एका दिवसात होत नाही, म्हणून कळत नाही. माझंच सांगतो.

दोन-तीन उत्तरं चांगली गेली, लोकांनी अंगठे दिले, तर मी उत्तराखाली नाव आणि नंबर लिहायला लागलो. नंबर तर ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसतोच, तरी. मग नावाखाली फर्मचं नाव आलं. मग व्हिजिटिंग कार्डचा फोटो बनवून घेतला, प्रत्येक उत्तरानंतर तो टाकायचो. मग काम झालं की पॅनेलचे फोटो, "आज अमक्या ठिकाणी सक्सेसफुली कमिशन केलं", पाच-पाच फोटो, हार घातलेला पॅनेल, नारळ. मला वाटायचं लोकांना आवडून राहिलं. शेवटी अ‍ॅडमिन साहेबांचा फोन आला, चांगले वयस्कर माणूस आहेत, म्हणाले, "तू आधी कामाचं लिहायचास म्हणून मी वाचायचो, आता तुझं नाव दिसलं की अंगठ्यानं वर सरकवतो." ते तोंडावर बोलले म्हणून बरं झालं, नाहीतर लोक नुसतं म्यूट करतात आणि तुम्हाला वर्षभर पत्ता लागत नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. मेसेज पाठवायच्या आधी शेवटची ओळ झाकून वाचतो, त्याच्याशिवाय उत्तर पूर्ण होत असेल तर ती ओळ माझ्यासाठी होती, विचारणाऱ्यासाठी नव्हती, काढून टाकतो. आणि महिन्यातून एकदा ग्रुपमध्ये माझ्या फर्मचं नाव सर्च करतो. किती वेळा आलं आणि त्यातलं किती वेळा मी स्वतः लिहिलं ते बघतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं जास्त असलं तर ठीक चाललंय.

एक खूण अजून आहे, ही जरा बारीक आहे. तुमची सगळी उत्तरं एकाच गोष्टीवर जाऊन संपतात का बघा. अर्थिंगचा प्रश्न असो, मोटर जळायचा असो, डिमांडचा असो, आणि तुम्ही दर वेळेस "पॅनेल चेक करा" वर येऊन थांबत असाल तर तुम्ही प्रश्न वाचूनच नाही राहिले. महिन्यात दोन-चार उत्तरं तरी अशी पाहिजेत ज्यात तुमच्या विकायच्या वस्तूचं नावही येत नाही.

कामाचे फोटो टाकायचेच नाहीत?

बिघाडाचे टाका. फुगलेला कॅपॅसिटर, काळा पडलेला बसबार, ढिला लग, आणि खाली ते काहून झालं ते लिहा. नारळ फोडलेल्या पॅनेलमधून कोणी काही शिकत नाही. फोटोत कंपनीची पाटी किंवा मीटर नंबर येत असेल तर कापा, आणि मालकाला विचारल्याशिवाय त्याचा बिघाड गावभर नको.

माझं उत्तर चुकलं तर? डिलीट करू?

नाही. हे माझ्याबरोबर झालंय म्हणून ठासून सांगतो.

एकानं विचारलं होतं की पॉवर फॅक्टर ०.९० च्या वर जात नाही, किती कॅपॅसिटर टाकू. मी लोड विचारला, हिशोब केला, इतके केव्हीएआर टाका म्हणून सांगितलं. एक प्रश्न विचारायचा राहिला : मशीनवर मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह किती आहेत. त्याच्याकडे अर्ध्याहून जास्त लोड ड्राइव्हवर होता. ड्राइव्हमुळे हार्मोनिक्स येतात, साधे कॅपॅसिटर लावले की ते हार्मोनिक करंट ओढून घेतात, गरम होतात, फुगतात. तिथे कॅपॅसिटरच्या आधी रिअ‍ॅक्टर लावावा लागते, ज्याला आपण सात टक्क्यांचा डिट्यून्ड म्हणतो, आणि कॅपॅसिटरही जास्त व्होल्टेजचा घ्यावा लागते. दोन महिन्यांत त्याचे दोन कॅपॅसिटर फुगले. वरून मे महिना, आपल्या नागपूरचा मे, शेडमध्ये उभं राहवत नाही तिथे कॅपॅसिटरचं काय होणार.

मी माझा जुना मेसेज शोधला, त्यालाच रिप्लाय करून लिहिलं की इथे मी चुकलो, ड्राइव्ह विचारायला पाहिजे होते, कोणी हे वाचून कॅपॅसिटर लावत असाल तर थांबा, आधी ड्राइव्ह मोजा. जुना मेसेज तसाच ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज एडिट होतो, टायपिंगच्या चुकीसाठी ठीक आहे. पण आकडा किंवा सल्ला बदलला असेल तर वेगळा मेसेज करा, कारण तोपर्यंत कोणीतरी वाचून कामाला लागलेला असतो, त्याला एडिट झालेलं दिसणारच नाही. त्या माणसाला मी खाजगीत फोन करून माफी मागितली आणि रिअ‍ॅक्टर खरेदीच्या किमतीत आणून दिले. तो आजही माझ्यावर थोडा नाराज आहे, असू दे, त्याचं बरोबर आहे.

दुसऱ्यानं, म्हणजे कॉम्पिटिटरनं, चुकीचं सांगितलं तर टोकायचं का?

नुकसान होणार असेल तर टोकायचं, पण माणसाला नाही, आकड्याला. "लीड १६,००० दिसतंय, कॅपॅसिटर वाढवले तर ते अजून वाढणार नाही का?" एवढं पुरते. "काही लोकांना कळत नाही तरी सांगतात" असं लिहिलं की पुढचे साठ मेसेज भांडणाचे, आणि विचारणारा दादा बिचारा बिल घेऊन बसलेला. जिथे दोन्ही पद्धती चालतात, नुसती आवड वेगळी आहे, तिथे गप्प बसा.

सर्क्युलर, टॅरिफच्या बातम्या फॉरवर्ड करणं हे उपयोगीच आहे ना?

उघडून वाचलं असेल तर. टॅरिफच्या नावानं जुने पीडीएफ दर वर्षी फिरून येतात आणि लोक घाबरतात. तारीख बघा, वीज नियामक आयोगाच्या, म्हणजे एमईआरसीच्या, वेबसाइटवर मूळ ऑर्डर बघा, आणि त्यातलं आपल्या ग्रुपला लागू होणारं तीन ओळींत मराठीत लिहून मग पीडीएफ टाका. वाचायला वेळ नसेल तर टाकू नका, कोणी तुमची वाट बघत नाहीये. "अनेकदा फॉरवर्ड केलेले" असं वर आलं असेल तर ते ग्रुपमध्ये बहुतेक आधीच आलेलं असते.

ग्रुपमधले नंबर काढून ब्रॉडकास्ट लिस्ट केली तर चालते?

नाही चालत, आणि तसंही काम होत नाही. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचते ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. मग लोक काय करतात, सगळ्यांना उचलून स्वतःच्या नवीन ग्रुपमध्ये टाकतात, "अमुक एंटरप्रायझेस ऑफर्स". पंधरा जण लगेच बाहेर, पाच जण जाताना रिपोर्ट करून जातात, आणि रिपोर्ट जास्त झाले की नंबर बंद पडू शकतो. ज्या नंबरवर दहा वर्षांचे ग्राहक आहेत तो नंबर. लोकांनी नंबर ग्रुपला दिलाय, तुम्हाला नाही.

अ‍ॅडमिननं जाहिरातीसाठी शनिवार ठेवलाय, तेव्हा टाकू का?

बिनधास्त टाका. एक मेसेज, काय विकता, रेंज काय, कोणत्या भागात सर्व्हिस देता. आणि शनिवारी टाकलेलं सोमवारच्या उत्तरात चिकटवू नका.

रोज उत्तर द्यायला वेळ कुठून आणायचा?

रोज नकोच. मी सकाळी चहाच्या वेळेस एकदा आणि रात्री जेवण झाल्यावर एकदा बघतो. ज्याचं उत्तर मला पक्कं येते आणि अजून कोणी दिलेलं नाही तेवढंच घेतो. कोणी आधीच बरोबर सांगितलं असेल तर त्यालाच अंगठा देतो, तेच पुन्हा माझ्या शब्दांत लिहीत नाही. नेहमी येणारे चार-पाच प्रश्न फोनमध्ये नोट्समध्ये लिहून ठेवलेत, बिलावरचे कोणते आकडे मागायचे वगैरे. पण उत्तर नोटमधून कॉपी करत नाही, फक्त प्रश्न कॉपी करतो. उत्तर प्रत्येकाच्या बिलाप्रमाणे वेगळं निघते. एकदा घाईत जुनं उत्तर चिकटवलं होतं, त्यात आधीच्या माणसाचे आकडे तसेच राहिले, आणि ते वाचून नवीन माणूस विचारतो, "साहेब, माझी फॅक्टरी तर रात्रीच चालते."